आधी मागची बाजू बघायची

बडोद्याहून सिंधरोटकडे जाणारा रस्ता महीच्या काठाशी आला की दोन्ही बाजूंना कोतरं सुरू होतात. पाण्याने कापलेल्या मातीच्या खोल घळी, त्यात गांडा बावळ आणि बोरीची झुडपं. अशाच एका कोतराला लागून आमच्या ओळखीच्या एका भाईंचा मळा आहे. गेल्या हिवाळ्यात त्यांची रताळी रात्रीतून उकरली जायला लागली. भाई म्हणत, "शाहुडी छे," म्हणजे साळिंदर आहे. त्यांचे वडील म्हणत, भूंड, म्हणजे रानडुक्कर. गडी तिसरंच सांगत होता: त्याने अंधारात खवल्यांचं काहीतरी पाहिलं होतं आणि ते कीडीखाऊ, म्हणजे खवल्या मांजर होतं, याबद्दल त्याला शंका नव्हती. साळिंदर की खवल्या मांजर, एवढ्यावरून बांधावर रोज वाद व्हायचा. माझ्याकडे एक कॅमेरा ट्रॅप होता, आणि दांडिया बाजारात माझ्याकडे राहून विज्ञान शाखेत शिकणारा पुतण्या हौशी आहे. आम्ही कॅमेरा लावला.

त्या फोटोंतून प्राणी ओळखताना काय काय पाहावं लागलं, ते सांगतो. दिवसा, उजेडात, अख्ख्या प्राण्याचा फोटो असेल तर साळिंदर, खवल्या मांजर आणि अंधारात त्यांच्यासारखाच वाटणारा हेजहॉग, हे तिघे कुणीही वेगळे सांगेल. खवल्या मांजराच्या अंगावर खवले, साळिंदराच्या अंगावर लांब काटे, हेजहॉगच्या, म्हणजे इकडच्या शेळोच्या अंगावर आखूड काटे. रात्रीच्या फोटोत मात्र मिळतो तो अर्धा प्राणी. तो हललेला असतो, कडेला कापलेला असतो आणि त्याला रंग नसतो.

रंग का नसतो ते आधी समजून घ्यायला हवं, कारण निम्मा गोंधळ तिथूनच सुरू होतो. कॅमेऱ्यातला सेन्सर प्राण्याच्या अंगाची उष्णता आणि हालचाल टिपतो. मग इन्फ्रारेडचे बारीक दिवे लागतात आणि कृष्णधवल फोटो निघतो. इन्फ्रारेडमध्ये काळे केस आपल्याला दिवसा दिसतात तितके काळे दिसत नाहीत, बऱ्याचदा राखाडी येतात. त्यामुळे साळिंदराचा काळाभोर खांदा फोटोत मध्यम राखाडी होतो, आणि खवल्या मांजराची तपकिरी पाठही जवळपास त्याच छटेची येते. काट्यांवरचे पांढरे पट्टे तेवढे उठून दिसतात, पण प्राणी जवळ असेल तर तेही भगभगीत होऊन एकमेकांत मिसळतात. त्यात रात्री शटर जास्त वेळ उघडं राहतं. प्राणी चालत असला की प्रत्येक चमकणारा ठिपका रेघ होतो, आणि केस, काटा, खवला, सगळ्यांच्या रेघाच दिसतात.

पहिल्या आठवड्यात मांजरं, एक कोल्हा, मुंगूस आणि भाईंचा कुत्रा एवढंच मिळालं. मग एका रात्री तीन फ्रेमची एक मालिका आली. आमचा कॅमेरा एकदा जागा झाला की लागोपाठ तीन फोटो काढतो. पहिल्या फ्रेममध्ये खालच्या उजव्या कोपऱ्यातून वर आलेली मोठी कमानदार पाठ. डोकं डावीकडे फ्रेमबाहेर, पाय खाली फ्रेमबाहेर. पाठीवर एकामागे एक फिकट, वळणदार पट्टे. पुतण्या खुर्चीतून उठलाच. "काका, खवले! रांगा बघा ना."

रांगा खरंच होत्या. गड्याच्या बाजूने एक पुरावा आला असं कुणालाही वाटलं असतं. पण साळिंदर शांतपणे चालत असलं की त्याचे काटे अंगालगत मागे वळलेले असतात. प्रत्येक काट्यावर आलटून पालटून काळे-पांढरे पट्टे असतात. शेजारशेजारच्या काट्यांचे पांढरे पट्टे साधारण एकाच उंचीवर आले की पाठीवरून आडव्या कमानी गेल्यासारख्या दिसतात. धूसर फोटोत त्या कमानी म्हणजे खवल्यांच्या कडा वाटतात. हे सोंग फार बेमालूम असतं.

मी फोटो मोठा करून दोन गोष्टी पाहिल्या. पहिली, कमानींची मांडणी. खवल्या मांजराचे खवले घराच्या कौलांसारखे बसलेले असतात: वरच्या रांगेतल्या दोन खवल्यांच्या सांध्यावर खालच्या रांगेतला खवला येतो. त्यामुळे कड सलग धावत नाही, ती एक टप्पा इकडे, एक टप्पा तिकडे अशी सरकत जाते आणि पाठीवर चौकटीसारखी जाळी दिसते. आमच्या फोटोतल्या कमानी सलग होत्या. आणखी मोठं केल्यावर प्रत्येक कमान तिला छेद देणाऱ्या बारीक बारीक तुकड्यांची निघाली, आणि ते सगळे तुकडे मागच्या दिशेला रोखलेले होते. खवल्याची कड आडवी असते, काट्यावरचा पांढरा भाग मात्र काट्याच्या लांबीच्या दिशेने जातो. रेघेची दिशा पाहायची ती यासाठी. पण प्राणी हलल्यामुळे उमटलेल्या रेघांनाही दिशा असते, मग फरक कसा करायचा? हलण्याच्या रेघा फोटोभर एकमेकींना समांतर असतात, काटे मात्र पंख्यासारखे फाकत जातात. आमच्या फोटोत पाठीच्या मध्यावरच्या रेघा जमिनीला समांतर होत्या आणि कमरेजवळच्या खाली झुकलेल्या. म्हणजे त्या नुसत्या हलण्याच्या नव्हत्या.

दुसरी गोष्ट म्हणजे प्राण्याच्या आकृतीची बाहेरची कड. मागे काळोख असला की ही कड स्वच्छ दिसते. खवल्या मांजराची कड करवतीसारखी बोथट दातेरी असू शकते, पण ती अंगाला धरून असते. तिच्यातून सुटं काही बाहेर येत नाही. साळिंदराच्या कमरेवर मात्र वीतभर आणि त्याहून लांब काटे असतात. त्यातले काही बाकीच्यांपेक्षा वेगळ्या कोनात वळून काळोखात सुटे दिसतात. आमच्या पहिल्या फ्रेममध्ये कमरेच्या वर अशी दोन टोकं होती, एकमेकांना छेदणारी. खवले एकमेकांना छेदत नाहीत. ते एकावर एक बसतात.

तरी मी तेवढ्यावर नाव लिहिलं नाही, कारण दुसरी फ्रेम बाकी होती. त्यात प्राणी पुढे सरकला होता आणि फक्त पार्श्वभाग उरला होता. पुतण्याला ती फ्रेम निरुपयोगी वाटली. मला ती सगळ्यात मोलाची वाटते, आणि माझ्या मते या तिघांच्या बाबतीत नेहमीच मागच्या बाजूपासून सुरुवात करावी. खवल्या मांजराचं शेपूट जवळजवळ धडाइतकं लांब असतं, बुडाशी इतकं रुंद की कंबर कुठे संपली आणि शेपूट कुठे सुरू झालं ते नीट सांगता येत नाही, आणि टोकापर्यंत खवल्यांनी मढलेलं. ते लपवायला जागाच नसते. साळिंदराचं शेपूट टीचभर, काट्यांखाली झाकलेलं. त्याच्या टोकाला पांढऱ्या, पोकळ, आखूड काट्यांचा झुबका असतो. डिवचलं की साळिंदर तो खुळखुळवतं. हेजहॉगचं शेपूट इतकं छोटं की फोटोत ते नाहीच असं धरून चालायचं. आमच्या दुसऱ्या फ्रेममध्ये लांब शेपूट नव्हतं. काट्यांच्या पंख्याखाली एक भगभगीत पांढरा पुंजका होता. वाद मिटला. साळिंदर.

त्याच दिवशी भाईंना बांधावर एक गळलेला काटा सापडला आणि ते विजयी मुद्रेने तो घेऊन आले. मी तो ठेवून घेतला, पण फोटोच्या नोंदीत धरला नाही. पडलेला काटा एवढंच सांगतो की साळिंदर कधीतरी तिथून गेलं. अमुक रात्रीच्या अमुक फोटोत तेच होतं, हे तो सांगत नाही. कुरतडलेल्या रताळ्यांवर रुंद, जोडीने उमटलेले दात दिसले तेव्हा मात्र भाईंची बाजू पक्की झाली, कारण खवल्या मांजराला दातच नसतात. ते मुंग्या आणि वाळवी खातं. रताळ्याच्या शेतात ते आलंच, तर वाळवीसाठी येईल आणि रताळं तसंच टाकून जाईल.

पुतण्याचं समाधान व्हावं म्हणून मी चिपळूणकडच्या माझ्या मामेभावाकडून खऱ्या खवल्या मांजराचे फोटो मागवले. त्याच्या बागेच्या वरच्या अंगाला त्याचे कॅमेरे असतात. फोटो आले ते तसेच रात्रीचे, कृष्णधवल, आणि त्यातला एक अगदी वाईट होता: खवले जवळजवळ दिसतच नव्हते, प्राणी राखाडी ढेकळासारखा. मुद्दाम तोच मी आधी उघडला. पुतण्याने तो दोन सेकंदांत ओळखला, तो निव्वळ ठेवणीवरून. खवल्या मांजर चालताना पाठीची कमान करतं, डोकं खाली धरतं आणि वजन मागच्या पायांवर टाकतं. पुढच्या पायांची लांब नखं आत दुमडलेली असतात आणि ते पाय कधी जेमतेम टेकतात, कधी छातीशी अधांतरी राहतात. मागे लांब शेपूट जमिनीपासून उचललेलं, तोल सांभाळायला. कडेने पाहिलं तर पुढे वाकून दोन पायांवर चालणारा कुणी म्हातारा माणूस वाटावा, असं पुतण्याच म्हणाला. साळिंदर असं कधीच दिसत नाही. ते चारही तळवे पूर्ण टेकवून, जड अंगाने डुलत चालतं, आणि त्याची सगळ्यात उंच बाजू मागे, कमरेवर असते.

तोंडाचंही तसंच. मामेभावाच्या फोटोत डोकं अंगाच्या मानाने फारच लहान, निमुळतं, मानेतून सरळ पुढे आलेलं. कान दिसतच नाहीत. कपाळावर खवले आहेत, पण गालाला आणि हनुवटीखाली नाहीत, त्यामुळे इन्फ्रारेडमध्ये तोंडाची खालची बाजू गुळगुळीत आणि फिकट येते. साळिंदराचं मुस्कट उलट बोथट आणि रुंद, ससा-घुशीच्या घाटाचं, पण मोठं. मानेवर लांब राठ केसांचा तुरा असतो आणि गळ्याजवळ एक पांढरा पट्टा. डोकं जरा तिरपं वळलं तरी तो पट्टा चमकतो. डोळ्यांच्या चमकेवर मात्र मी कधीच नाव ठरवत नाही. प्राण्याने किती कोनात पाहिलं यावर चमक येते किंवा येत नाही, आणि एकाच रात्री एकाच प्राण्याचा एक डोळा दिव्यासारखा आणि दुसरा विझलेला मिळतो.

हेजहॉग आम्हाला भाईंच्या मळ्यात मिळाला नाही. पुढे कॅमेरा आम्ही कोतराच्या वरच्या कोरड्या, उघड्या माळावर हलवला, तिथे मिळाला. त्या फोटोने वेगळ्या तऱ्हेने छळलं. फ्रेमचा तिसरा हिस्सा व्यापणारं काटेरी अंग, सगळं पांढरट, कडा धूसर. पुतण्या म्हणाला, साळिंदराचं पिल्लू. आकार पाहून त्याला तसं वाटलं, आणि रात्रीच्या फोटोत आकाराइतका फसवा पुरावा दुसरा नाही. या कॅमेऱ्यांचा फोकस ठरलेला असतो. साधारण दीड मीटरच्या आत आलेली वस्तू धूसर होते आणि दिवे जवळ असल्याने पांढरीफटक पडते. त्यामुळे "मोठं, धूसर आणि पांढरट" असा फोटो आला की आधी शंका घ्यायची की प्राणी मोठा नसून जवळ आहे.

पण शंका घेणं वेगळं आणि मोजणं वेगळं. मोजण्यासाठी आम्ही कॅमेरा न हलवता त्याच जागी परत गेलो. पुतण्याने दर दहा सेंटीमीटरवर चिकटपट्टी लावलेली काठी आणली होती. फोटोत प्राण्याचे पुढचे पाय जमिनीला जिथे टेकले होते, ती जागा आम्ही एका दगडावरून आणि वाळक्या गवताच्या झुबक्यावरून शोधली. तिथे काठी आडवी धरून तसाच फोटो काढला. संगणकावर काठीचे दहा सेंटीमीटर सुमारे 310 पिक्सेल भरले. प्राण्याची नाकापासून पार्श्वभागापर्यंतची लांबी सुमारे 530 पिक्सेल होती. म्हणजे सतरा सेंटीमीटर. प्राणी जरा तिरका उभा होता हे धरलं तरी वीस-बावीसच्या पुढे जाईना. आपल्याकडच्या हेजहॉगच्या मोठ्या जनावराला हे माप चपखल बसतं.

ही मोजणी करायला पाय दिसायलाच हवेत. पाय जमिनीला कुठे टेकले हे कळलं नाही तर प्राणी कॅमेऱ्यापासून किती लांब होता हेच कळत नाही, आणि मग काठी कुठे धरणार? साळिंदराच्या त्या पहिल्या फ्रेममध्ये पाय कापले गेले होते. तिथे काठीचा काही उपयोग नव्हता, म्हणूनच मला काट्यांच्या दिशा पाहत बसावं लागलं.

माप मिळालं तरी मी पुतण्याला म्हटलं, साळिंदराचं अगदी लहान पिल्लूही एवढं असू शकतं, तेव्हा काटे बघ. हेजहॉगचे काटे बोटाच्या पेराएवढे आणि जवळपास सगळे एकाच लांबीचे. त्यामुळे पाठीची बाहेरची कड एकसारखी, कातरल्यासारखी दिसते, कुठून एखादं टोक पुढे आलेलं नाही. साळिंदराच्या पिल्लालाही पुढच्या अर्ध्या अंगावर राठ केस आणि मागच्या अर्ध्यावर काटे असा फरक असतो. हेजहॉगमध्ये असा पुढचा-मागचा फरक नसतो. तिथे वरचा-खालचा असतो: पाठीवर काटे आणि कुशीला मऊ केसांची झालर, दोन्हींमधली रेघ सरळ. आमच्या फोटोत ती झालर फिकट आणि स्पष्ट होती. शिवाय टोकदार, किंचित वर उचललेलं नाक आणि काट्यांच्या वर निघालेले मोठे कान. एवढे लांब कान म्हणजे लांबकानी हेजहॉग. गुजरातेत दुसरा एक फिकट हेजहॉगही आहे. त्याच्या तोंडावर गडद मुखवटा आणि त्याच्या वर पांढरी पट्टी असते, आणि डोक्याच्या मध्यावर काट्यांमध्ये भांग पाडल्यासारखी मोकळी फट असते. आमच्या फोटोत कपाळ इतकं भगभगीत होतं की भांग असता तरी दिसला नसता. म्हणून मी कानांवरच थांबलो.

पुढच्या फ्रेममध्ये तो गोळा झाला होता. बहुधा दिव्यांमुळे नव्हे, वाऱ्याने हललेल्या कुठल्यातरी फांदीमुळे. गोळा दिसला की एक गोष्ट लगेच ठरते: तो साळिंदर नाही. साळिंदर घाबरलं की पाठ फिरवतं, काटे फुलवतं, आहे त्याच्या दुप्पट दिसतं आणि वेळ पडली तर मागच्या मागे धावून येतं. पण गोळा होत नाही. गोळा होतात ते खवल्या मांजर आणि हेजहॉग. खवल्या मांजराच्या गोळ्यावर शेपटाचा रुंद पट्टा बाहेरून गुंडाळलेला दिसतो, म्हणून तो गोळा एका बाजूला जाड आणि ओबडधोबड असतो. हेजहॉगच्या गोळ्याला डावं-उजवं, पुढचं-मागचं काहीच राहत नाही.

यानंतर आम्ही कॅमेऱ्याची मांडणीच बदलली. आधी तो गुडघ्याच्या उंचीवर होता आणि खाली झुकवलेला होता. त्यामुळे फक्त पाठी मिळत, मुस्कटं आणि पाय मिळत नसत. आता तो जमिनीपासून जेमतेम एक वीत वर, पायवाटेपासून अडीच मीटर मागे आणि वाटेला काटकोनात न ठेवता तिरपा लावला. तिरपा असला की प्राणी फ्रेममध्ये जास्त वेळ राहतो आणि तीनपैकी एका फोटोत तरी बाजू पूर्ण येते. दिव्यांच्या अर्ध्या भागावर पांढऱ्या कागदाचा तुकडा चिकटवला, तेव्हा जवळचे काटे भगभगीत व्हायचे थांबले. दुसऱ्याच फेरीत साळिंदरांची जोडी एका फ्रेममध्ये अख्खी मिळाली, एक पुढे, एक मागे, तुऱ्यांसकट. दोन मोठे प्राणी सोबत चालताना दिसले हाही साळिंदराच्या बाजूचा पुरावा, कारण खवल्या मांजर एकटं फिरतं. अपवाद पाठीवर किंवा शेपटावर पिल्लू घेतलेल्या मादीचा.

भाईंना मी फोटो दाखवले. त्यांनी रताळ्यांभोवती जाळी गाडायचं ठरवलं. गड्याने फोटो नीट पाहिला, मान हलवली आणि आपलं म्हणणं सोडलं नाही. मीही त्याला खोडलं नाही. त्याने जे पाहिलं ते मी पाहिलेलं नाही.

मामेभावाचे फोटो मी कुणाला पाठवले नाहीत, आणि त्यानेही ते पाठवताना फाईलमधली ठिकाणाची नोंद आधी पुसली होती. खवल्यांच्या व्यापारासाठी या प्राण्याची शिकार होते. 2016 साली आठही जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार, त्यांना साइट्स या वन्यजीव-व्यापारावरच्या जागतिक कराराच्या पहिल्या परिशिष्टात घालून बंद केला, आणि आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत तो आहेच. तरीही एका फोटोवरून बीळ शोधणारे लोक असतात. साळिंदर असो की खवल्या मांजर, नाव पक्कं होईपर्यंत मी जागा कुणाला सांगत नाही.

आता पुतण्या नोंदवहीत प्रत्येक फोटोसाठी तीन रकाने भरतो: अंगावर काय आहे, मुस्कट कसं आहे, ठेवण कशी आहे. दिसलं नाही तर "दिसलं नाही" असंच लिहायचं, अंदाज भरायचा नाही. परवा त्याच्यापुढे एक फोटो होता. धूसर राखाडी पाठ, कड गवतात गेलेली, पुढचं-मागचं काही नाही. तिन्ही रकान्यांत त्याने "दिसलं नाही" लिहिलं आणि नावाच्या जागी "साळिंदर". मी विचारलं, हे कशावरून? "काका, तिथे दुसरं असणार काय?" मी ते नाव खोडायला लावलं. थोडा वेळ कुरकुर करून त्याने "अनिश्चित" लिहिलं आणि शेजारी पेन्सिलने, अगदी बारीक अक्षरात, "बहुतेक साळिंदर".

ते मी राहू दिलं.